परीक्षेमुळे इंटर्नशिप मधेच सोडताय? पत्रात या चुका टाळा

माझ्या टीममध्ये दर सेमिस्टरला दोन-तीन इंटर्न असतात आणि परीक्षा जवळ आल्या की त्यातल्या एकाचा तरी मेल येतोच. परीक्षेसाठी इंटर्नशिप सोडणं यात काही गैर नाहीये, बहुतेक मॅनेजरना ते चालतं सुद्धा. गाडी अडते ती पत्रावर. मागे एका मुलाने पाठवलेलं पत्र साधारण असं होतं:

"आदरणीय सर, विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्यामुळे मला इंटर्नशिप पुढे चालू ठेवणं शक्य होणार नाही. तरी मला लवकरात लवकर मोकळं करावं ही विनंती. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

वाचायला एकदम सभ्य, पण एचआरला याचं काय करायचं तेच कळेना, कारण यात तारीखच नाही. लवकरात लवकर म्हणजे उद्या की पंधरा दिवसांनी, कायमचं सोडतोय की परीक्षा झाल्यावर परत येणारे, काहीच नाही. मग एचआरने मला विचारलं, मी त्याला विचारलं, तो म्हणाला सर १ मे पासून नाही येणार. झालं, आम्ही ते धरून चाललो. चार दिवसांनी त्याचा दुसरा मेल, की सर प्रॅक्टिकल आधी आहेत, २८ एप्रिललाच.

ही चूक मी इतक्या वेळा बघितलीये की आता मी पहिला प्रश्न हाच विचारतो. लेखी पेपर १२ मे पासून म्हणून पोरं १२ मे धरून हिशोब करतात आणि प्रॅक्टिकल, तोंडी परीक्षा, प्रोजेक्ट सबमिशन हे सगळं लेखीच्या आधी येतं ते विसरतात. एकदा तारीख बदलली की परीक्षेचं कारण खरं असून सुद्धा समोरच्याला वाटायला लागतं की याला दुसरीकडे काहीतरी मिळालंय.

म्हणून तारीख उलटी मोजत या. याच मुलाचं घ्या. त्याची इंटर्नशिप १ जानेवारी ते ३० जून, ऑफर लेटरमध्ये १५ दिवसांची नोटीस. कॉलेजमध्ये हजर राहायचा पहिला दिवस २८ एप्रिल. अभ्यासाला मधे तीन दिवस सोडले तर ऑफिसचा शेवटचा दिवस येतो २४ एप्रिल. तिथून १५ दिवस मागे गेलं की पत्र ९ एप्रिलला जायला हवं (१० तारखेपासून मोजा, २४ ला पंधरावा दिवस येतो). वेळापत्रक ८ तारखेला लागलं होतं, म्हणजे हातात फक्त एक दिवस. आणि ऑफर लेटरमध्ये १५ "कामाचे दिवस" असं लिहिलं असेल तर पाच दिवसांच्या आठवड्यात ते पूर्ण तीन आठवडे होतात, म्हणजे शेवटचा दिवस ३० एप्रिल, प्रॅक्टिकलच्या पण पुढे! तेव्हा ती ओळ काढून नीट वाचा आधी. नोटीस पूर्ण होत नसेल तर गप्प बसून लवकर निघायचं नाही, पत्रातच लिहायचं की अमुक इतके दिवस कमी पडतायत, ते माफ करावेत. बहुतेक ठिकाणी करतात, पण मागितलं तर.

अंतिम वेळापत्रक लागायची वाट बघत बसणं ही पण चूकच. तात्पुरतं वेळापत्रक लागलं असेल तर त्याच्यावर पत्र द्या आणि ते तात्पुरतं आहे असं स्पष्ट लिहा, अंतिम आलं की पाठवतो म्हणा. सोबत वेळापत्रकच जोडा, हॉल तिकीट नको, ते बऱ्याचदा उशिरा मिळतं आणि त्यावर तुमचा फोटो, नंबर वगैरे असतं, ते ऑफिसात फिरवायची काही गरज नाही.

आता सर्टिफिकेट. पोरं पत्र पाठवतात आणि मग कॉलेजला विचारतात की चालेल ना सर. उलट करा. इंटर्नशिपला क्रेडिट असेल तर किमान किती आठवडे लागतात ते कॉलेजच्या समन्वयकांना आधी विचारा, कारण सर्टिफिकेटवर ३० जून येणार नाहीये, तुम्ही खरंच काम केलेल्या तारखाच येणार, आणि "सर जूनपर्यंतचं द्या ना" असं कृपा करून कोणाला विचारू नका. या मुलाचे १ जानेवारी ते २४ एप्रिल ११४ दिवस होतात (फेब्रुवारी २८ चा धरून), म्हणजे १६ आठवडे आणि २ दिवस. त्याच्या कॉलेजला १६ आठवडेच लागत होते. तीन दिवस आधी निघाला असता तर सगळं क्रेडिट गेलं असतं, आणि पहिल्या पत्रात "लवकरात लवकर" लिहून बसला होता गडी.

आणखी एक, हँडओव्हर. "मी सर्व काम व्यवस्थित सोपवेन" या वाक्याला काही अर्थ नाही, काय अर्धवट आहे आणि ते कुठे ठेवलंय एवढंच हवं असतं. आणि जाता जाता टीमबद्दलच्या तक्रारी, काम शिकायला मिळालं नाही वगैरे, या पत्रात नको. खरं असेल तर मेंटॉरशी समोर बसून बोला. तसंही मेल पाठवायच्या आधी त्याला तोंडी सांगायचंच असतं, एचआरकडून कळलं की चिडतात लोक, मी पण चिडतो.

मग आम्ही बसून त्याचं पत्र परत लिहिलं. मराठीत लिहा की इंग्रजीत, मजकूर हाच:

"विषय: विद्यापीठ परीक्षेमुळे इंटर्नशिप २४ एप्रिल रोजी संपवण्याबाबत

सर, माझी इंटर्नशिप ३० जूनपर्यंत आहे. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकल २८ एप्रिलपासून आणि लेखी परीक्षा १२ मे पासून आहेत, वेळापत्रक सोबत जोडलं आहे. त्यामुळे २४ एप्रिल हा माझा शेवटचा दिवस असेल. आज ९ एप्रिल असल्याने १५ दिवसांची नोटीस पूर्ण होते. रिपोर्टचं काम तीन भागांपैकी दोन पूर्ण आहे, तिसऱ्याची फाईल टीमच्या फोल्डरमध्ये आहे आणि २० तारखेपर्यंत मी ती पूर्ण करेन. लॅपटॉप आणि ओळखपत्र शेवटच्या दिवशी जमा करेन. १ जानेवारी ते २४ एप्रिल या काळाचं सर्टिफिकेट आणि एप्रिलचं २४ दिवसांचं स्टायपेंड मिळावं ही विनंती. शेवटची तारीख मान्य असल्याचं कृपया कळवावं."

माफी नाही, मोठमोठे आभार नाहीत. आभार मानायचे असतील तर शेवटी एक ओळ टाका, चालतं. परीक्षेनंतर परत यायचं असेल तर मात्र हे पत्र नकोच, मग सुट्टी किंवा ब्रेक मागा आणि परत यायची तारीख द्या. एकाच पत्रात सोडतोय पण आणि येतो पण असं लिहिलं की एचआर सरळ फाईल बंद करून टाकतं.

मेल ऑफिसच्या आयडीवरून पाठवलात तर स्वतःचा पर्सनल आयडी कॉपीत ठेवा, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा आयडी बंद होतो आणि मग सर्टिफिकेट मागायला पुरावाच उरत नाही. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर एका ओळीत परत विचारा, "२४ एप्रिल ही तारीख मान्य आहे ना?" त्या मुलाला तसं विचारावं लागलं, कारण मीच उत्तर द्यायला विसरलो होतो.