पाकिटातला डाय पांढऱ्या केसांवर चढत नव्हता, तेव्हा

आईच्या कानाजवळचे पांढरे केस डाय लावूनही तांबूसच राहायचे. कारण निघालं उरलेलं अर्धं पाकीट, रबर लावून बाथरूममध्ये ठेवलेलं! पावडरमध्ये रंगासोबत तो रंग खुलवणारा ऑक्सिडायझर असतो, ओल लागली की तो आतच खर्ची पडतो आणि गोळे झालेली पावडर मग रंग देत नाही. आता नवीन पाकीट, प्लास्टिकची वाटी (स्टीलची नाही), पाणी थोडंथोडं, दह्याइतकं घट्ट, कालवलं की लगेच लावायचं, उरलेलं फेकायचं.

दुकानदाराने अनोळखी 'काळी मेहंदी' दिली तर आधी मागचं बारीक अक्षर वाचा, पीपीडी किंवा पॅरा-फेनिलीनडायअमाइन दिसलं तर तो केमिकल डायच. एक्सपायरी बघा, कानामागे थोडा लावून ॲलर्जीची टेस्ट करा, ४८ तास थांबा. घटकच छापले नसतील तर आम्ही घेतच नाही.