पावसाळ्यात माठाची जुडी कशी टिकवते

आमच्या रत्नागिरीत जून लागला की आठवडी बाजारातून आणलेला लाल माठ फ्रीजमध्येही दोन दिवसांत चिकट व्हायचा. दोष पाण्याचा. वरून पाऊस, त्यात विक्रेते जुडीवर पाणी मारतात, आणि ते बांधलेल्या जुडीच्या पोटात साचून राहतं.

आता घरी आल्याबरोबर जुडी सोडते, पिवळी आणि काळवंडलेली पानं काढते नि माठ न धुता सुती पंचावर पंख्याखाली तासभर पसरते. पानं हाताला कोरडी लागली की कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून डब्यात. फडकं ओलसर झालं की बदलायचं. तेवढं केलं तर चार-पाच दिवस निघतात. शेजारी पिकलेली केळी किंवा आंबे ठेवत नाही, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

आठवड्याचा बेतही भाजीच्या आयुष्यावर ठरतो: आधी माठ, मग पडवळ-भेंडी, शेवटी लाल भोपळा आणि सुरण. माठाचे जाड देठ सोलून बिरड्यात घालते. सासूबाईंना तर पानांपेक्षा तेच आवडतात! वास आलेली किंवा बुळबुळीत पानं मात्र सरळ माडाच्या आळ्यात.