नंबर प्लेट मार्करने खोडू नका, ठोकळ्याने झाका

फोटोतली नंबर प्लेट बरेच जण फोनमधल्या काळ्या मार्करने खोडतात. पण तो मार्कर जरासा जरी पारदर्शक असला, तरी खालचे आकडे तसेच राहतात. ब्राइटनेस वाढवला की ३ आणि ८ सुद्धा वेगळे ओळखू येतात. हलका ब्लरही असाच फसवा. त्यापेक्षा आयत काढा, त्यात पूर्ण अपारदर्शक रंग भरा आणि तो प्लेटच्या कडांबाहेर थोडा ताणा. मग झूम करून शेजारच्या गाडीच्या चकचकीत दारात तोच नंबर उमटलाय का ते बघा, उलटा असला तरी वाचता येतो. घराच्या पाटीवरचं नाव झाकलं जातं आणि घर क्रमांक उघडा राहतो, हे मी फार वेळा पाहिलंय. फोटोच्या तपशिलातलं लोकेशनही काढा, नाहीतर पाटी झाकूनही पत्ता सोबत जाऊ शकतो.