पोटॅशियमची सलाईन लावताना या चुका टाळा

पावसाळ्यात जुलाबाची साथ आली की कोकणातल्या तालुक्याच्या रुग्णालयात असं एखादं मूल येतंच: दोन वर्षांचं, वजन 10 किलो, मान धरवत नाही, पोट फुगलेलं. रक्तातलं पोटॅशियम 2.3, म्हणजे फारच कमी. घरून शहाळ्याचं पाणी देऊन झालेलं असतं. त्यात पोटॅशियम असतं, पण सोडियम फार कमी, त्यामुळे ते ओआरएसची जागा घेत नाही.

मूल गिळत असेल, उलट्या नसतील आणि ईसीजी बरा असेल तर तोंडानेच द्यावं. दिवसाला किलोमागे 2 ते 4 एमईक्यू, चार भागांत. 15 मिलीत 20 एमईक्यू असलेलं सिरप असेल तर या मुलाला 3 च्या हिशेबाने दिवसाचे साडेबावीस मिली होतात. ते पाण्यात मिसळून, खाण्यानंतर द्यावं. नुसतं दिलं तर पोटात जळजळतं आणि मूल ओकतं.

पण या मुलाचं पोट फुगलंय, म्हणजे आतडं मंदावलंय. इथे शिरेतून द्यावं लागतं, तेही लघवी होतेय हे पाहूनच. हातापायाच्या शिरेतून लिटरमागे 40 एमईक्यूच्या वर जाऊ नये. केसीएलच्या 10 मिलीच्या अँप्यूलमध्ये 20 एमईक्यू असतात (लेबल वाचाच), म्हणून 500 मिली नॉर्मल सलाईनमध्ये एकच अँप्यूल. डेक्स्ट्रोजमध्ये नको: इन्सुलिन वाढतं आणि पोटॅशियम पेशींत शिरून रक्तातलं आणखी उतरतं.

वेग तासाला किलोमागे 0.25 धरला तर अडीच एमईक्यू, म्हणजे साधारण 62 मिली. मायक्रोड्रिपवर मिनिटाला तेवढेच थेंब. चार तासांत 10 एमईक्यू जातात. मग थांबून पुन्हा तपासणी. वॉर्डात 0.5 च्या पुढे जाऊ नये. त्याहून जास्त लागलं तर आयसीयू आणि सतत मॉनिटर हवा.

खरा घोटाळा अर्ध्या बाटलीत होतो. सलाईन चालू असते, 200 मिली उरलेली असते आणि अँप्यूल त्यातच सोडली जाते. आता लिटरमागे सुमारे 95 एमईक्यू झाले आणि त्याच थेंबांवर मुलाला ठरवल्याच्या दुपटीहून जास्त जातंय. त्यात टांगलेल्या बाटलीत केसीएल जड असल्याने तळाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांतच घट्ट द्रव हृदयाकडे जातो. म्हणून नवी बाटली घ्यावी, ती काढून ठेवून केसीएल घालावं, आठ-दहा वेळा उलटीपालटी करावी, लेबल लावावं आणि मगच टांगावी. सिरिंजने थेट शिरेत तर कधीच देऊ नये, हृदय थांबतं.

सुईपाशी मूल हात ओढून रडायला लागलं तर शीर जळतेय किंवा द्रव बाहेर झिरपतोय, सुई बदला. मॉनिटरवर टी लाट उंच, टोकदार दिसू लागली तर सलाईन लगेच बंद.

आणि सगळं नीट देऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासा. ते कमी असेल तर मूत्रपिंड दिलेलं पोटॅशियम लघवीतून घालवत राहतं.