सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी: रक्त कधी द्यावं आणि गोळी कधी घ्यावी

गुडघेदुखी, दमा किंवा त्वचेच्या आजारासाठी बरेच महिने स्टेरॉईड घेतलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉईड, बनवणं कमी करतात. औषध कमी करताना त्या पुन्हा जाग्या झाल्या का, हे बघायला डॉक्टर सकाळचं कॉर्टिसॉल करायला सांगतात. रिपोर्टवरच्या आकड्याला अर्थ येतो तो दोन वेळांमुळे: रक्त कधी काढलं आणि शेवटचं स्टेरॉईड कधी घेतलं.

आधी घरातली औषधं एका पिशवीत गोळा करा. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही नावं पाकिटावर सापडतील. दम्याचा पंप, गजकर्णावर महिनोन्‌महिने चोळलेली ट्यूब, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन हेही त्यात धरा. सांध्यातल्या इंजेक्शनचा परिणाम काही आठवडे टिकू शकतो. सगळ्यात अवघड म्हणजे बाजाराच्या दिवशी मिळणारी बिननावाची पुडी. दोनच दिवसांत दुखणं पार थांबलं, भूक वाढली, पुढे काही आठवड्यांत चेहरा गोल झाला, तर तिच्यात स्टेरॉईड असण्याची दाट शंका घ्यावी. ती पुडी लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि स्वतःच्या मनाने ती एकदम बंदही करू नका.

आता वेळ. दिवसा काम करून रात्री झोपणाऱ्या माणसाचं कॉर्टिसॉल पहाटे वाढत जातं, उठल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. म्हणून नमुना सकाळी ७ ते ९ मध्ये द्यायचा. गावाहून पहिली एसटी धरून तालुक्याला पोचेपर्यंत साडेदहा वाजत असतील, तर आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करा किंवा जवळच्या नमुना केंद्रात लवकर रक्त घेतील का ते विचारून ठेवा. साडेअकराला काढलेल्या रक्ताचा आकडा सकाळच्या मर्यादेशी ताडला की निरोगी माणसाचाही कमी दिसू शकतो.

आपल्याकडे हिवाळ्यात आणखी एक अडचण येते. हरभऱ्याच्या ओलितासाठी वीज रात्रीची, किंवा रानडुकरांमुळे वावरात जागली. असा माणूस कित्येक दिवस सकाळी झोपून दुपारी उठत असेल, तर त्याच्या शरीराची सकाळ सरकलेली असते. त्याने हे डॉक्टरांना आधीच सांगावं आणि चाचणी नेहमीची झोप परत बसल्यावर करावी.

गोळीचा घोळ याहून मोठा. समजा, दारव्ह्याकडच्या एका काकूंचं प्रेडनिसोलोन कमी करत ५ मिलिग्रॅमवर आलं आहे. त्यांनी साडेसहाला गोळी घेतली, सव्वाआठला रक्त दिलं. आकडा आला १८.४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर. छापील मर्यादेत बसतो, म्हणून घरचे म्हणाले, गोळी सोडा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "गोळी त घेतली होती ना सकायी, दररोजसारखी."

प्रेडनिसोलोनची रचना कॉर्टिसॉलसारखीच असल्याने अनेक यंत्रं त्यालाही थोडंफार कॉर्टिसॉल म्हणून मोजतात. म्हणजे त्या १८.४ मध्ये गोळीही मोजली गेली होती. हायड्रोकॉर्टिसोन तर कॉर्टिसॉलच आहे. डेक्सामेथासोन यंत्राला बहुतेक दिसत नाही, पण ग्रंथीला दाबून ठेवतं, त्यामुळे आकडा खरोखरच कमी येतो.

दुसऱ्या वेळी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, काकूंनी आदल्या दिवशी सकाळी गोळी घेतली आणि त्या दिवशीची गोळी सोबत नेली. २४ तास उलटून गेल्यावर, ८ वाजता रक्त दिलं आणि तिथेच गोळी घेतली. गोळी चुकली नाही, फक्त तास-दीड तास पुढे गेली. आकडा आला ३.६. ग्रंथी अजून झोपलेल्याच होत्या. डेक्सामेथासोन जास्त वेळ टिकतं, तिथे २४ तास पुरत नाहीत. किती थांबायचं ते डॉक्टरच ठरवतील.

स्टेरॉईड सोडणाऱ्या माणसात असा नीट घेतलेला आकडा १० च्या वर असेल तर ग्रंथी सावरल्या असं सहसा धरतात. ५ ते १० मध्ये असेल तर थोडा डोस चालू ठेवून पुन्हा तपासतात, ५ च्या खाली असेल तर डोस तसाच ठेवून काही महिन्यांनी. यंत्रागणिक आकडे थोडे बदलतात, म्हणून शक्यतो त्याच लॅबमध्ये जावं. गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे आकडा फसवा वाढतो, तीही सांगावी.

रक्त देताना वेळ चिठ्ठीवर स्वतः लिहून घ्या. रिपोर्टवर कधीकधी नोंदणीची वेळ छापली जाते. शेवटच्या गोळीचं नाव, डोस आणि वेळ त्याच चिठ्ठीवर असू द्या.

काकूंची ५ मिलिग्रॅमची गोळी चालू राहिली. ताप, अपघात किंवा ऑपरेशन झालं तर डोस वाढवावा लागतो, हे डॉक्टरांनी त्यांच्या सुनेला समजावलं. सतत उलट्या, चक्कर, भोवळ, गुंगी असं काही झालं तर कॉर्टिसॉलच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा आणि पोचताच पहिलं वाक्य हेच सांगायचं: स्टेरॉईड चालू आहे.