मानधन नाही, प्रवास लांबचा: व्याख्यानाला नकार देताना या चुका टाळा

जानेवारी लागला की नागपुरातल्या मराठीच्या प्राध्यापकांचे फोन वाजू लागतात. 14 ते 28 जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, आणि बाहेरगावच्या महाविद्यालयांना पाहुणा वक्ता हवा असतो. "सर, तासभरच बोलायचं आहे." मानधनाचा विषय निघत नाही, शाल-श्रीफळ मात्र ठरलेलं.

अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे तारखेचा बहाणा. समजा, निमंत्रण गडचिरोलीचं आहे आणि तारीख 20. तुम्ही म्हणता, "20 ला परीक्षेचं काम आहे हो." समन्वयक मॅडमना वाटतं, अडचण फक्त तारखेची आहे. "मग 23 ला या न सर, पत्रिका अजून छापली नाही." आता तुम्ही घरचं लग्न काढता. "काही हरकत नाही, 27 ठेवू. नाहीतर तारीख तुम्हीच सांगा न." तिसरा बहाणा सुचत नाही, तोंडातून होकार निघतो आणि 26 च्या रात्री ताप येतो. तिकडे मंडपात तुमच्या नावाचा फ्लेक्स लागलेला असतो. 20 तारखेचा नकार त्या मॅडम दोन दिवसांत विसरल्या असत्या. हा ताप त्या पुढच्या पंधरवड्यापर्यंत विसरत नाहीत, आणि एखाद्या चर्चासत्रात तुमच्या समोरच्याच खुर्चीवर बसतात.

कारण सांगण्याआधी स्वतःला विचारा: ही अडचण त्यांनी दूर केली, तर मी जाईन का? उत्तर 'नाही' असेल, तर ते कारण सांगूच नका.

प्रवास हे सांगण्याजोगं कारण आहे, कारण अंतर कुणी कमी करू शकत नाही. फक्त ते किलोमीटरमध्ये सांगू नका. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर भरतं. त्यावर "एवढंच न सर, लोक रोज ये-जा करतात" हे उत्तर तयार असतं. हिशेब दिवसाचा सांगा. एसटीने जायला चारेक तास, यायला तेवढेच. उद्घाटन, सत्कार, जेवण धरलं तर तासाभराच्या व्याख्यानासाठी सकाळी सहाला निघालेला माणूस रात्रीच घरी पोचतो. "आम्ही गाडी पाठवतो" म्हटलं तरी दिवस जातोच, म्हणून हे कारण टिकतं.

मानधनाचं उलट आहे. पैसे मिळाले तर खरंच जाणार असाल, तर पहिल्याच फोनवर सरळ विचारा: "प्रवासखर्च आणि मानधनाची काय व्यवस्था आहे?" यात लाजण्यासारखं काही नाही, हा प्रश्न आयोजकांना नेहमीचा असतो. पैसे मिळूनही जाणार नसाल, तर मानधनाचा उच्चार करू नका. अनेक जण नकार देऊन झाल्यावर "आजकाल फुकट कोण येतं" असा टोमणा जोडतात. मॅडमच्या हातात बजेट नसतं. ते ठरवणाऱ्यांपर्यंत टोमणा पोचत नाही, तो मॅडमच ऐकून घेतात.

फोन आला तर फोनवरच नाही म्हणा आणि त्याच दिवशी लेखी पाठवा. एवढं पुरतं:

"आदरणीय मॅडम, पंधरवड्यातील व्याख्यानासाठी माझी आठवण ठेवलीत, आभारी आहे. गडचिरोलीला येऊन-जाऊन पूर्ण दिवस लागतो आणि या सत्रात तसा दिवस काढणं मला शक्य नाही. त्यामुळे या वर्षी येऊ शकणार नाही. कृपया माझं नाव पत्रिकेत घेऊ नये. कार्यक्रमास शुभेच्छा."

यातलं 'पत्रिकेत घेऊ नये' हे वाक्य अनेकांना उद्धट वाटतं, म्हणून ते गाळतात. नेमकं तेच गाळू नका. 'बघतो', 'प्रयत्न करतो', 'कळवतो' हे आपल्याकडे सभ्य नकार समजले जातात, पण पत्रिका छापायला घाई झालेला समन्वयक त्याला होकार धरतो आणि नाव छापून मोकळा होतो. मग व्हॉट्सॲपवर पत्रिका आली की इकडे धावपळ.

'या वर्षी' हे शब्दही तोलून वापरा. पुढच्या वर्षी जायची तयारी नसेल तर काढून टाका, नाहीतर डिसेंबरातच फोन येईल.

बाकी चुका किरकोळ. स्वतःऐवजी सहकाऱ्याचं नाव सुचवायचं असेल तर आधी त्याला विचारा, निदान तो मानधनाशिवाय जातो का एवढं तरी. ऑनलाइन बोलायची तयारी नसताना "ऑनलाइन घेऊ या का" म्हणू नका. लिंक अर्ध्या तासात येते. व्यस्ततेची यादी देऊ नका. आणि उत्तर दोन दिवसांत द्या, कारण त्यांना दुसरा वक्ता शोधायचा असतो.

यानंतर प्राचार्यांचा स्वतःहून फोन आला, की अनेकांचा निश्चय ढळतो. तिथे नवीन कारण काढू नका. "सर, मॅडमना कळवलं तेच, पूर्ण दिवस काढणं जमत नाही" एवढं त्याच शब्दांत म्हणा आणि पंधरवड्यात आणखी काय काय ठेवलंय ते विचारा.