बोर्डावर जायचंय? मग लिंक्डइनच्या हेडलाइनमध्ये नुसतं पदनाम पुरत नाही

मी नागपुरात कंपनी सेक्रेटरी आहे. नवा संचालक घ्यायचा असला की नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटीपुढे जाणारे कागद माझ्याच टेबलावरून जातात. सुरुवातीच्या यादीत प्रत्येक नावापुढे जेमतेम एक ओळ असते आणि बरेचदा ती ओळ त्या माणसाच्या लिंक्डइन हेडलाइनवरून उचललेली असते. पूर्ण बायोडेटा वाचला जातो तो त्यातून चार-पाच नावं उरल्यावर. म्हणून वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेली आणि आता बोर्डाकडे किंवा सीईओ-सीओओच्या पातळीकडे बघणारी मंडळी भेटली, की मी आधी त्यांची हेडलाइन बघते.

एक उदाहरण सविस्तर सांगते. विदर्भातल्या एका लिस्टेड फेरो अलॉय कंपनीत दोन कारखाने सांभाळणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. मेटलर्जीचे इंजिनिअर, नफ्यातोट्याची जबाबदारी त्यांच्याकडे, आणि कंपनीच्या रिस्क मॅनेजमेंट कमिटीवर वरिष्ठ अधिकारी म्हणून सदस्यही. त्यांच्या हेडलाइनचा साचा असा होता, फक्त कंपनीचं नाव मी गाळलंय:

```
Vice President - Operations | Visionary Leader | Aspiring Board Member
```

यातल्या पहिल्या भागामुळे त्यांना फोन यायचे ते दुसऱ्या कुठल्यातरी कारखान्यातल्या ऑपरेशन्स प्रमुखाच्या नोकरीसाठी. भरती करणारा माणूस पदनाम टाकून शोधतो, त्याला तेच पदनाम सापडतं आणि तो तीच खुर्ची पुढे करतो. यात चूक त्याची नाही. दुसरा भाग कोणी शोधतच नाही, कारण कुठल्याही कमिटीच्या गरजांच्या यादीत 'व्हिजनरी' हा रकाना नसतो. तिसऱ्या भागातून एवढंच कळतं की यांना बोर्डावर यायचंय. पण ते आल्याने बोर्डाची कुठली उणीव भरून निघेल, हे त्यातून कळत नाही.

मग शब्द आणायचे कुठून? याचं उत्तर सगळ्यांसाठी उघडं पडलेलं असतं, पण तिकडे फार कमी लोक वळतात. सेबीच्या लिस्टिंग नियमांप्रमाणे लिस्टेड कंपनीला वार्षिक अहवालातल्या कॉर्पोरेट गव्हर्नन्स रिपोर्टमध्ये बोर्डाचं स्किल मॅट्रिक्स छापावं लागतं. म्हणजे बोर्डाला कोणती कौशल्यं लागतात आणि त्यातलं कोणतं कोणत्या संचालकाकडे आहे, याचा तक्ता. मी त्या गृहस्थांना सांगितलं, की तुम्हाला जिथे बसायला आवडेल अशा तीन कंपन्यांचे अहवाल काढा आणि फक्त तेवढं पान बघा. खाण, धातू, सिमेंट, वीज अशा तुमच्या जवळच्या धंद्यांतल्या कंपन्या घ्या. फायनान्स आणि कायद्याच्या रकान्यांत खुणा भरपूर असतील. खुणा विरळ कुठे आहेत, ते टिपून आणा.

आठवड्याने ते कागद घेऊन आले. कारखान्याची सुरक्षितता, ऊर्जा आणि मोठ्या भांडवली खर्चाचे प्रकल्प या विषयांसमोर त्यांना खुणा कमी दिसल्या होत्या. ते म्हणाले, "मॅडम, हे तर मी रोज करतो ना! हे काय बोर्डाचं काम झालं?"

मी म्हटलं, "सर, एक टन सिलिको मँगनीज काढायला तुमच्या भट्टीला किती वीज लागते?"

"चार हजार युनिटच्या आसपास."

"मग वीजदर थोडा वाढला तर कंपनीचं काय होतं, हे बोर्डावरच्या सीएपेक्षा तुम्हाला आधी कळेल. तीच तुमची जागा."

यानंतर आम्ही हेडलाइन नव्याने लिहिली. लिंक्डइन हेडलाइनला २२० अक्षरं देतं. पण शोधाच्या यादीत आणि मोबाइलवर ती पूर्ण दिसेलच असं नाही, म्हणून महत्त्वाचं सगळं डावीकडे आणायचं. सगळ्यात आधी पातळी आणि धंदा. पातळी लिहायची ती कामाच्या आवाक्यावरून, व्हिजिटिंग कार्डावरून नाही. 'व्हाइस प्रेसिडेंट' एका कंपनीत शंभर जणांना असतं, दुसरीत दोघांना. नफ्यातोट्याची जबाबदारी सांगितली की वाचणाऱ्याला अंदाज येतो, आणि सीओओ, सीईओ, संचालक अशी तिन्ही दारं उघडी राहतात. त्यानंतर मॅट्रिक्समधून उचललेले, पण स्वतःच्या कामातून सिद्ध करता येतील असेच दोन-तीन विषय. शेवटी गव्हर्नन्सचा पुरावा.

```
Operations and P&L leader, metals and power-intensive manufacturing | Energy cost, capex, plant safety | Risk committee member | Independent Director's Databank
```

ही ओळ १६० अक्षरांच्या आसपास भरते. उरलेली जागा भरायचा मोह त्यांना झाला, मी अडवलं. सहावा-सातवा विषय घातला की पहिले तीन फिके पडतात. कंपनीचं नाव हेडलाइनमधून गेलं म्हणून काही बिघडत नाही, ते खाली एक्स्पिरियन्समध्ये असतंच.

शेवटच्या तुकड्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. स्वतंत्र संचालक व्हायचं तर मानेसरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सच्या डेटाबँकेत नाव नोंदवावं लागतं. त्यानंतर दोन वर्षांत ऑनलाइन परीक्षा ५० टक्क्यांनी पास व्हावी लागते, ठरावीक अनुभव असलेल्यांना त्यातून सूट आहे. नोंदणी खरोखर झाली असेल तरच ते शब्द लिहायचे. नुसती नोंदणी करून हेडलाइनमध्ये 'इंडिपेंडंट डायरेक्टर' लिहिणारे मी पाहिलेत, आणि ते पकडलं जायला वेळ लागत नाही. कोण कुठल्या कंपनीत संचालक आहे हे कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर बघता येतं, आणि आम्ही नाव पुढे नेण्याआधी बघतोच. तिथे काही सापडलं नाही की नाव यादीतून जातं. त्यामागचं कारण कोणी तुम्हाला विचारत बसत नाही.

अजून एक मर्यादा आहे. ज्या कंपनीत किंवा तिच्या होल्डिंग, सब्सिडियरी, असोसिएट कंपनीत तुम्ही मागच्या तीन आर्थिक वर्षांत नोकरीला होतात, तिथे तुम्हाला स्वतंत्र संचालक होता येत नाही. कंपनी कायद्याचं १४९ वं कलम त्यासाठी आहे. म्हणजे आपल्याच ग्रुपच्या बोर्डावर डोळा ठेवून हेडलाइन लिहिण्यात अर्थ नाही. बाहेरच्या बोर्डावर नोकरीत असतानाही जाता येतं, पण नियुक्तीपत्रातली अट आधी वाचा आणि कंपनीची लेखी परवानगी घ्या. 'ओपन टू बोर्ड रोल्स' असं लिहिलेलं तुमच्या एमडींनाही दिसतं. वरच्या ओळीत कुठेही काही मागितलेलं नाही, ते मुद्दाम.

बदल लागू पडतोय की नाही, हे लिंक्डइनच्या सर्च अपिअरन्सेसमध्ये पाहायचं. तुम्ही कोणाच्या शोधात आलात, ते लोक कुठे काम करतात, याचा अंदाज तिथे मिळतो. अजूनही फक्त कारखान्यांचे एचआरवाले दिसत असतील तर तुमची ओळ अजून पदनामासारखीच वाचली जातेय, पहिला तुकडा बदला. सर्च फर्म, गुंतवणूकदार, दुसऱ्या कंपन्यांचे प्रवर्तक दिसायला लागले तर तसंच राहू द्या. दर आठवड्याला शब्द बदलत बसलात तर कशामुळे काय झालं ते कळणारच नाही.

त्या गृहस्थांना पहिलं बोलावणं आलं ते लिस्टेड नसलेल्या एका पब्लिक कंपनीकडून. हेही नवख्यांनी लक्षात घ्यावं. भरणा झालेलं भांडवल १० कोटी किंवा त्याहून जास्त, किंवा उलाढाल १०० कोटी किंवा त्याहून जास्त, किंवा कर्जं-ठेवी मिळून ५० कोटींच्या वर, यातलं एकही लागू असेल तर अशा पब्लिक कंपनीला किमान दोन स्वतंत्र संचालक सहसा घ्यावेच लागतात. बुटीबोरी-हिंगण्याकडे नुसती नजर टाकलीत तरी या मापाच्या कंपन्या दिसतील, मात्र प्रायव्हेट लिमिटेडला हे बंधन नाही. नियुक्ती झाली, पोर्टलवर नाव चढलं, की त्या दिवशी हेडलाइनमधला डेटाबँकेचा तुकडा काढायचा आणि त्या जागी 'इंडिपेंडंट डायरेक्टर' लिहायचं. पुढच्या बोर्डाच्या यादीत तुमच्या नावापुढे तेच शब्द आधी वाचले जातील.